सात नंबरच्या प्लेटवर कॉलन्या जास्त का येतात?

सिरियल डायल्युशन करून प्लेट लावल्या, दुसऱ्या दिवशी कॉलन्या मोजल्या, आणि सहा नंबरच्या ट्यूबवरून आलेलं उत्तर सात नंबरच्या ट्यूबवरून येणाऱ्या उत्तराशी जुळत नाही. बॅच कुठलीही असो, ही तक्रार येतेच. मुंबईतल्या एका कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते. आमच्याकडे तर हे दर जुलैत व्हायचं, म्हणून बिचाऱ्या पावसाला आम्ही तीन वर्षं शिव्या घातल्या. दोष पावसाचा नव्हता. कशाचा होता आणि तो कसा सापडला, ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्याही प्लेटवर हेच दिसत असेल तर शोध त्याच क्रमाने घेता येईल.

आधी आमची पद्धत. इ. कोलायचं रात्रभर ३७ अंशांवर न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये वाढवलेलं कल्चर. प्रत्येकी ९ मिली निर्जंतुक सलाइनच्या सात ट्यूब, सलाइन ०.८५ टक्के. कल्चरमधून १ मिली पहिल्या ट्यूबमध्ये, तिथून १ मिली दुसरीत, असं सातवीपर्यंत. म्हणजे दर ट्यूबला दहापट पातळ, आणि सातवी ट्यूब मूळ कल्चरच्या एक कोटीव्या भागाइतकी. मग सहा आणि सात नंबरच्या ट्यूबमधून ०.१ मिली घेऊन न्यूट्रिएंट अगरवर स्प्रेडरने पसरायचं, प्रत्येकी दोन प्लेट. सोबत एका प्लेटवर नुसतं सलाइन, ब्लँक म्हणून.

एका गटाची वही समोर आहे. सहा नंबरच्या दोन प्लेटवर २३१ आणि २४६, सात नंबरच्या दोन प्लेटवर ३६ आणि ३२. दिसायला झकास. सहाच्या प्लेट मोजण्याजोग्या, साताच्याही मोजण्याजोग्या. २५ ते २५० ही नेहमीची मर्यादा दोन्ही पाळतात. (काही पुस्तकांत ३० ते ३०० असते, त्यातही बसतात.) पण कल्चरच्या एका मिलीत कॉलनी निर्माण करणारी किती एककं, म्हणजे CFU, आहेत याचं गणित केलं की गोंधळ सुरू होतो:

```
CFU/ml = कॉलन्या / (पसरलेले मिली × डायल्युशन)

ट्यूब ६: 238.5 / (0.1 × 10^-6) = 2.4 × 10^9
ट्यूब ७: 34    / (0.1 × 10^-7) = 3.4 × 10^9
```

एकाच कल्चरमध्ये मिलीला २४० कोटी आणि ३४० कोटी, दोन्ही एकदम कसे असतील? मुलं यावर जे करतात ते मला पुरतं माहीत आहे, कारण एके काळी मीही तेच केलंय: सरासरी काढायची. त्यासाठी एक अधिकृत सूत्रही आहे, दोन्ही डायल्युशनच्या कॉलन्या एकत्र करून भागणारं:

```
N = ΣC / [ V × (n1 + 0.1 × n2) × d ]
  = (231+246+36+32) / [ 0.1 × (2 + 0.1×2) × 10^-6 ]
  = 545 / (2.2 × 10^-7)
  = 2.5 × 10^9
```

यात n1 आणि n2 म्हणजे दोन डायल्युशनच्या मोजलेल्या प्लेटची संख्या, V म्हणजे पसरलेला मिली, आणि d म्हणजे त्यातलं कमी पातळ डायल्युशन. सूत्र चोख आहे. पण ते दोन आकड्यांमधलं भांडण मिटवून टाकतं, आणि भांडण का झालं हे कायमचं झाकलं जातं. म्हणून माझा नियम असा की हे सूत्र लावायच्या आधी सहाच्या कॉलन्यांना साताच्या कॉलन्यांनी भागायचं. आदर्श उत्तर १०. आमच्या गटाचं: ४७७ भागिले ६८, म्हणजे ७.

सात आणि दहात इतका फरक नुसत्या नशिबाने पडू शकतो का, हा प्रश्न आधी विचारायलाच हवा. प्लेटवर किती जिवाणू पडतील यात नैसर्गिक चढउतार असतोच, आणि तो साधारण कॉलन्यांच्या वर्गमुळाइतका असतो. एका प्लेटवर ४ कॉलन्यांची अपेक्षा असेल तर २ आल्या काय आणि ६ आल्या काय, त्यावरून काही सिद्ध होत नाही. इथे गुणोत्तर दहा असतं तर साताच्या दोन प्लेटवर मिळून ४८ च्या आसपास कॉलन्या अपेक्षित होत्या, चढउतार साधारण ७ चा. आल्या ६८. वीसने जास्त, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या जवळजवळ तिप्पट. एका गटाचं असतं तर मी तरीही सोडून दिलं असतं. पण बॅचमधल्या आठही गटांचं गुणोत्तर साडेसहा ते आठच्या दरम्यान होतं. नशीब एकाच बाजूला आठ वेळा झुकत नाही.

गुणोत्तर दहाहून कमी येण्याची तीन प्रामाणिक कारणं असू शकतात. प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

पहिला संशय ओल्या प्लेटचा, म्हणजे आमचा लाडका पाऊस. जुलैतल्या मुंबईच्या हवेत अगर सुकत नाही. झाकणाच्या आतून थेंब लोंबतात, ०.१ मिली शोषलं जात नाही, पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा राहतो. इ. कोलाय त्यात पोहत सुटतो आणि शेजारशेजारच्या कॉलन्या एकमेकींत मिसळून सपाट डाग होतात. गर्दीच्या प्लेटवर हे जास्त होतं, विरळ प्लेटवर कमी, म्हणून सहाचा आकडा घटतो, साताचा टिकतो आणि गुणोत्तर खाली येतं. तर्क अगदी बरोबर आहे, म्हणूनच तर आम्ही तीन वर्षं त्यावर थांबलो. पण हे खरं असतं तर प्लेट तसं बोलली असती: कडा वेड्यावाकड्या, एकमेकींत घुसलेल्या कॉलन्या, एका बाजूला ओघळ. आमच्या सहाच्या प्लेटवर २४० गोल, सुट्या, नीट वेगळ्या कॉलन्या होत्या. तरी खात्री म्हणून पुढच्या खेपेला सगळ्या प्लेट झाकण किंचित सरकवून अर्धा तास ३७ अंशांवर सुकवल्या आणि मगच पसरलं. गुणोत्तर सातच. पाऊस निर्दोष सुटला.

दुसरा संशय बाहेरून आलेल्या जिवाणूंचा. सलाइन नीट निर्जंतुक झालं नसेल, किंवा स्प्रेडर, किंवा हवेतून काही पडत असेल, तर प्रत्येक प्लेटवर ठरावीक कॉलन्या जास्तीच्या पडतील. सहाच्या २४० मध्ये ११ मिसळल्या तर कळत नाही, साताच्या २४ मध्ये मिसळल्या तर गुणोत्तर बिघडतं. इथे थोडं बीजगणित फार कामाचं ठरतं. प्रत्येक प्लेटवर बाहेरच्या क्ष कॉलन्या असतील, तर (२३८.५ − क्ष) हे (३४ − क्ष) च्या दहापट असलं पाहिजे. सोडवलं की क्ष येतो सुमारे ११. म्हणजे दोष हाच असेल तर ब्लँक प्लेटवर, जिथे कल्चरचा थेंबही नाही, साधारण ११ कॉलन्या दिसायलाच हव्यात. आमच्या आठ गटांच्या ब्लँकवर शून्य, शून्य, एक, शून्य, असंच काहीसं होतं. दुसरा संशयितही गेला. ब्लँक प्लेट लावायचा कंटाळा येतो हे खरं, पण त्या एका प्लेटने आमचं निम्मं काम केलं.

मग उरला तिसरा, आणि तो आमच्या हातात होता. अक्षरशः.

आमच्या कार्यपद्धतीच्या कागदावर, कोणी कधी लिहिलं देवाला ठाऊक, एक ओळ होती: "संपूर्ण डायल्युशनसाठी एकच निर्जंतुक पिपेट वापरावी." कारण उघड होतं. गटाला सात पिपेट द्यायच्या तर आठ गटांना छप्पन्न. त्या धुवा, कापूस भरा, कागदात गुंडाळा, निर्जंतुक करा. आमच्या लॅबमधल्या मामांना एकट्याने हे करावं लागायचं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून काचेच्या पिपेट आणल्या तरी ठेवायचे डबे कुठून आणायचे! तेव्हा काटकसर म्हणून एक.

एका पिपेटने इतका फरक पडतो का? मलाही पटत नव्हतं. आम्ही कुठे पिपेट भरून कल्चर पुढे नेत होतो? पण मुलांना करताना नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं. १ मिली पहिल्या ट्यूबमध्ये सोडल्यावर पिपेटच्या टोकाशी एक थेंब राहतो, साधारण ०.०५ मिली. तो कल्चरचा थेंब आहे, म्हणजे पहिल्या ट्यूबच्या दहापट दाट. मुलं ट्यूब दोन तळव्यांमध्ये फिरवून मिसळतात, पिपेटने वरखाली ओढून नाही. त्यामुळे तो थेंब टोकातच बसून राहतो. मग त्याच पिपेटने पहिल्या ट्यूबमधून १ मिली ओढायचं, थेंबावरूनच.

आता हिशोब करा. कल्चरची दाटी १ धरली तर पहिल्या ट्यूबची ०.१. पिपेटमध्ये पहिल्या ट्यूबचं १ मिली आणि कल्चरचा ०.०५ मिली. सगळं मिळून १.०५ मिलीत दाटी होते (०.१ + ०.०५) भागिले १.०५, म्हणजे ०.१४३. असायला हवी होती ०.१. दुसऱ्या ट्यूबमध्ये त्यामुळे ४३ टक्के जास्त जिवाणू गेले. आणि टोकाशी पुन्हा एक थेंब राहिला, या वेळी ०.१४३ दाटीचा, तो तिसऱ्या ट्यूबच्या वेळी तोच खेळ करणार. पहिला टप्पा तेवढा स्वच्छ, कारण तेव्हा पिपेट कोरडी होती. तिथून पुढे दर ट्यूबला १.४३ पट. दहापट पातळ करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात १० भागिले १.४३, म्हणजे बरोब्बर ७ पट पातळ होत होतं. प्लेटवरून निघालेलं ७ आणि थेंबावरून निघालेलं ७ जुळलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

यातली वाईट गोष्ट अशी की चूक साचत जाते. सहाव्या ट्यूबपर्यंत पाच सदोष टप्पे, म्हणजे १.४३ चा पाचवा घात, सुमारे ६ पट. सातव्यापर्यंत साडेआठ पट. आमचं २४० कोटी प्रत्यक्षात सुमारे ४० कोटी होतं, आणि साताच्या प्लेटवरचं ३४० कोटीही ४० कोटीच. दोन्ही आकडे खोटे, फक्त वेगवेगळ्या प्रमाणात, म्हणून त्यांची सरासरी काढून कोणी सत्याच्या जवळ गेलं नसतं.

प्लेट लावून चोवीस तास थांबायचं नसेल तर हा दोष रंगाने तासाभरात पकडता येतो. मी कल्चरऐवजी खाण्याच्या लाल रंगाचं गडद पाणी घेतलं आणि तीन ट्यूबपर्यंत डायल्युशन केलं, एकदा एकाच पिपेटने, एकदा दर टप्प्याला कोरडी पिपेट घेऊन. तिसऱ्या ट्यूब शेजारी धरल्या तर नुसत्या डोळ्यांनीही एक जास्त लाल दिसते. कलरीमीटरवर कोरड्या पिपेटवाल्या ट्यूबची नोंद ०.१०, एकाच पिपेटवालीची ०.२१. हिशोबाने दोन टप्प्यांत १.४३ गुणिले १.४३, म्हणजे २.०४ पट यायला हवं होतं. यानंतर कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. मामांनी ट्यूब बघितल्या आणि म्हणाले, "मॅडम, मग आता छप्पन्न का?"

हो, छप्पन्न. पण त्यांच्या तक्रारीवर एक तोड निघाली. पिपेट बदलायची गरज दाटीकडून विरळपणाकडे जाताना असते. उलट दिशेने जाताना नसते. प्लेटवर पसरताना सात नंबरपासून सुरू करून सहाकडे आलं तर त्यासाठी एकच पिपेट चालते, कारण विरळ द्रवाचा थेंब दाट द्रवात मिसळला तर फरक नगण्य. आमच्याकडे पसरण्यासाठीच्या वेगळ्या पिपेट अशा वाचल्या. मायक्रोपिपेट वापरणाऱ्यांनी टिप दर ट्यूबला बदलायचीच, आणि टिप द्रवात जेमतेम बुडवायची. खोल बुडवली तर बाहेरून लागलेला थर पुढच्या ट्यूबमध्ये जातो आणि नवी टिप घेऊनही तुम्ही कल्चर वाहून नेता.

खात्रीसाठी पुढच्या आठवड्यात एकाच कल्चरचे दोन हिस्से केले. एकाला जुनी पद्धत, एकाला नवी, त्याच दुपारी, त्याच सुकवलेल्या प्लेटवर. जुन्या पद्धतीत सहावर २२८ आणि २४१, सातवर ३१ आणि ३७. नव्या पद्धतीत सहावर ४३ आणि ३८, सातवर ५ आणि ३. पाच नंबरच्या प्लेटही मुद्दाम लावल्या होत्या, तिथे चारशेच्या आसपास, मोजायच्या पलीकडे. आता साताचे ५ आणि ३ हे २५ च्या खाली आहेत. त्यांना सूत्रात घ्यायचं नाही, फक्त अंदाजाला जुळतात एवढं बघायचं. हिशोब एकट्या सहावरून:

```
N = (43 + 38) / (0.1 × 2 × 10^-6) = 4.05 × 10^8  →  4.0 × 10^8 CFU/ml
```

मिलीला ४० कोटी, दोन अर्थपूर्ण अंकांत. इथे वहीत आणखी एक चूक हमखास दिसते: ०.१ मिली पसरलं हे विसरून फक्त डायल्युशनने भागणं. मग ४ कोटी येतं. प्लेटवर १ मिली गेलेलं नाही, त्याचा दहावा भाग गेलाय. दहाचा अचूक गुणक चुकला असेल तर पिपेटला दोष देण्याआधी वहीतली ही ओळ तपासा.

४० कोटी म्हणजे ४० कोटी पेशी, असं मात्र मी लिहू देत नाही. प्लेट मोजते ती कॉलनी निर्माण करणारी एककं, सीएफयू. इ. कोलाय बहुतेक सुटा असतो म्हणून फरक कमी. हीच कृती साखळीत वाढणाऱ्या बॅसिलसवर केली तर दहा पेशींची साखळी एकच कॉलनी देते. नीट न हलवलेल्या ट्यूबमधून गुठळ्या आल्या तरी तेच, फक्त तेव्हा दोन जुळ्या प्लेटचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत.

पिपेट सुधारल्यावर गुणोत्तर दहाच्या जवळ येतं, पण उत्तर तरीही थोडं जास्तच येत असेल, तर सलाइनच्या ट्यूबमधलं द्रव मोजा. ९ मिली सलाइन ट्यूबमध्ये भरून मग ऑटोक्लेव्ह केलं तर कापसाच्या बोळ्यातून वाफ निघून जाते. आमच्याकडे एका खेपेला ट्यूबमध्ये ८.६ मिलीच उरलं होतं. १ मिली घातल्यावर डायल्युशन दहापट नाही, ९.६ पट. सहा टप्प्यांत उत्तर सुमारे २८ टक्के फुगतं. ९.६ आणि १० मधला फरक प्लेटवरच्या गुणोत्तरात कधीच दिसणार नाही, चढउतारात हरवतो, म्हणून तो मोजपात्रानेच शोधावा लागतो. आम्ही आता सलाइन बाटलीत निर्जंतुक करतो आणि थंड झाल्यावर निर्जंतुक पिपेटने ९ मिली मोजून भरतो.

आणि गुणोत्तर उलट्या बाजूला, म्हणजे बारा-पंधराकडे गेलं तर? तिथे माझा पहिला संशय वेळेवर जातो. लोकल अडकल्या, निम्मी बॅच उशिरा पोचली, तोवर पहिल्यांनी केलेलं डायल्युशन टेबलावर तासभर पडून राहिलं. सलाइनमध्ये जिवाणूंना खायला काही नसतं आणि त्यांतले काही मरतात. सलाइनऐवजी डिस्टिल्ड वॉटर वापरलं असेल तर आणखी जास्त, कारण त्यात क्षार नसतात आणि पेशीत पाणी घुसतं. पण प्रत्येक ट्यूबमध्ये सारख्याच प्रमाणात मरत असतील तर गुणोत्तर हलत नाही, फक्त आकडा पडतो. गुणोत्तर वाढतं ते सात नंबरची ट्यूब सहाहून जास्त वेळ थांबली असेल तर, किंवा तळाशी बसलेले जिवाणू न हलवता वरचंच द्रव पुढे नेलं असेल तर. म्हणून आता आमच्याकडे प्लेट आधी सुकवून तयार असतात आणि पहिल्या ट्यूबपासून शेवटची प्लेट पसरेपर्यंत वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. उशिरा आलेल्यांनी नवं कल्चर घ्यायचं, पडलेल्या ट्यूबला हात लावायचा नाही.

कार्यपद्धतीच्या कागदावरची ती जुनी ओळ मी खोडली आणि वहीत एक नवा रकाना वाढवला: सहा भागिले सात. साडेआठ ते बाराच्या दरम्यान असेल तर पुढचा हिशोब, नसेल तर आधी ब्लँकची प्लेट दाखवायची. कॉलन्या कमी असतील तर बारा-तेरा वर मी भांडत नाही, दोन्ही प्लेट मिळून सातवर दहाच कॉलन्या असतील तर वर्गमूळच तीनच्या वर जातं. यंदाच्या जुलैत एका गटाचं गुणोत्तर पुन्हा साडेसात आलं. ब्लँक स्वच्छ, कॉलन्या गोल. मी काही विचारायच्या आधीच त्यातल्या मुलीने कबूल केलं की तिची पिपेट पाच नंबरला पडली होती आणि उरलेले टप्पे तिने मैत्रिणीच्या वापरलेल्या पिपेटने केले.